राज्यसंस्था, राष्ट्र, शासन, सार्वभौमत्व : व्याख्येच्या प्रश्नात मुले नेमकी कुठे चुकतात?

काळी माती, दारव्हा

नमस्कार मंडळी. मी ग्रामीण भागातल्या एका महाविद्यालयात बी.ए.च्या मुलामुलींना राज्यशास्त्र शिकवतो. नुकताच प्रथम वर्षाच्या उत्तरपत्रिकांचा गठ्ठा तपासून झाला. प्रश्न साधा होता : राज्यसंस्था आणि शासन यांतील फरक सांगा व सार्वभौमत्वाची व्याख्या लिहा. लोकसंख्या, भूप्रदेश, शासन आणि सार्वभौमत्व हे राज्यसंस्थेचे चार घटक जवळजवळ सर्वांनी बिनचूक लिहिले आहेत. घोळ सुरू होतो तो त्याच्या पुढच्या ओळीपासून. एकाने लिहिले आहे, "राज्य म्हणजे लोकांनी निवडून दिलेले सरकार." दुसरीने लिहिले आहे, "सार्वभौमत्व म्हणजे सरकारकडची सत्ता, ती दर पाच वर्षांनी बदलते." तिसरे उत्तर वर्गातल्या सर्वांत हुशार मुलाचे आहे आणि मला तेच जास्त अडचणीचे वाटते : "महाराष्ट्र हे राज्य आहे, राज्याला चार घटक असतात, म्हणून महाराष्ट्र सार्वभौम आहे."

पोलंड आणि इस्राएल ही पुस्तकातली उदाहरणे मुलांना पाठ असतात, पण ती त्यांच्या अंगवळणी पडत नाहीत. या चारही संकल्पना एकमेकींपासून सुट्या दिसतील असे आपल्या भागातले एखादे उदाहरण कोणी सुचवू शकेल काय?

तयारी सुरू आहे, वाशीम

सर, मी स्पर्धा परीक्षेसाठी हे असे लक्षात ठेवतो. राज्यसंस्था कायम असते आणि सरकार बदलते. राष्ट्र ही एकत्वाची भावना असते. सार्वभौमत्व म्हणजे कोणाच्याही हाताखाली नसलेली सर्वोच्च सत्ता. एखादा देश सार्वभौम आहे की नाही हे ओळखायचे असेल, तर तो संयुक्त राष्ट्रांचा सदस्य आहे का एवढे पाहावे. सदस्य असेल तर सार्वभौम, नसेल तर नाही. वस्तुनिष्ठ प्रश्नांना मला एवढे पुरते.

सातबारा, मेहकर

मी तलाठी म्हणून नोकरी करून निवृत्त झालो. राज्यशास्त्र शिकलेलो नाही, त्यामुळे माझे म्हणणे चुकत असेल तर सांगावे. गावच्या गायरानाचा किंवा एखाद्या सरकारी पडीक गटाचा सातबारा काढून मुलांसमोर ठेवा. भोगवटादाराच्या रकान्यात "महाराष्ट्र शासन" किंवा नुसते "सरकार" असे लिहिलेले दिसेल. खाजगी जमिनीचा मालक मेला, त्याने जमीन विकली किंवा भावाभावांत वाटणी झाली, की फेरफार घ्यावा लागतो, नोटीस द्यावी लागते, मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतो आणि मगच सातबाऱ्यावरचे नाव बदलते. माझ्या नोकरीच्या काळात किती मुख्यमंत्री आले आणि गेले, पण सरकारी गटावर त्यासाठी कधी फेरफार घेतला गेला नाही. २०१९ च्या नोव्हेंबरात काही दिवस राष्ट्रपती राजवट होती, तेव्हाही त्या रकान्यातले अक्षर हलले नाही. मालक बदललाच नाही, तर फेरफार कशाचा घ्यायचा? मुलांना एवढे दाखवले तरी सरकार पडते आणि राज्य राहते हे त्यांना समजेल असे मला वाटते.

जुना करार, अकोट

सातबारा काकांचे उदाहरण फार उपयोगी आहे, कारण फेरफाराची नोंद म्हणजेच मालकी बदलल्याची खूण असते. मात्र त्यात एक खाच आहे आणि हुशार विद्यार्थी नेमका तिथेच अडखळेल. रकान्यात "शासन" असे लिहिलेले असल्यामुळे जमीन शासनाची आहे, आणि शासनच मालक असेल तर शासन म्हणजेच राज्य, असा उलटा निष्कर्ष तो काढू शकतो. मी वकिली करतो, त्यामुळे मला राज्यघटनेचा अनुच्छेद ३०० इथे आठवतो. त्यानुसार घटकराज्याच्या शासनावर दावा लावायचा असेल, तर तो त्या राज्याच्या नावाने लावावा लागतो. म्हणूनच न्यायालयातल्या कागदावर "महाराष्ट्र राज्य" असा पक्षकार असतो आणि तारखेला हजर राहणारे सरकारी वकील मात्र शासनाने नेमलेले असतात. जबाबदारी राज्याची असते आणि ती शासनाच्या हातून पार पडते. दावा चालू असताना मंत्रिमंडळ बदलले, तरी वारस लावल्यासारखे नवे नाव लावण्याचा अर्ज कोणी करत नाही.

वाशीमच्या मित्रांच्या "सरकार बदलते" या वाक्याबद्दलही एक सांगतो. निवडणुकीत बदलते ते मंत्रिमंडळ. तहसील, पोलीस ठाणे, कोषागार आणि न्यायालय हेही व्यापक अर्थाने शासनच आहे आणि ते दुसऱ्या दिवशी सकाळी पूर्वीसारखेच उघडते. त्यामुळे परीक्षेत "शासन म्हणजे निवडून आलेले मंत्री" असे लिहिणे अपुरे आहे. शासन ही राज्यसंस्थेच्या वतीने कायदे करणारी, ते राबवणारी आणि त्यांचा अर्थ लावणारी सगळी यंत्रणा आहे. ती निवडणुकीने आलेली असो वा बंदुकीच्या जोरावर, व्याख्येला त्याने फरक पडत नाही. १९९१ साली सोमालियातली केंद्रीय सत्ता कोसळली आणि पुढे कित्येक वर्षे तिथे देशभर चालेल असे शासन नव्हते. तरीही सोमालिया हे राज्य जगाच्या नकाशावरून पुसले गेले नाही आणि त्याचे सदस्यत्वही रद्द झाले नाही.

संयुक्त राष्ट्रांच्या सदस्यत्वाची खूण मात्र सोडून द्यावी. १९४५ साली ही संघटना स्थापन झाली, तेव्हा भारत तिच्या मूळ सदस्यांपैकी होता, आणि त्या वर्षी दिल्लीत व्हाइसरॉय बसत होता. त्याआधीच्या राष्ट्रसंघाचाही भारत सुरुवातीपासून सदस्य होता. खुर्ची होती, सार्वभौमत्व नव्हते.

तयारी सुरू आहे, वाशीम

हे मला ठाऊक नव्हते. पण मग सदस्यत्वावरून काहीच सिद्ध होत नाही, असे समजायचे काय?

जुना करार, अकोट

आज बहुतेक वेळा ती खूण बरोबर उत्तर देते, कारण सनदेप्रमाणे सदस्यत्व राज्यांनाच दिले जाते. पण ती खूण आहे, व्याख्या नव्हे. व्याख्येच्या प्रश्नात खूण लिहिली की गुण गेले.

संत्र्याची बाग, वरुड

या धाग्यावर कोणी मुद्द्याचे बोलतच नाही. वेगळे विदर्भ राज्य झाले, तर आमच्याकडे सार्वभौमत्व येईल की नाही? माझ्या मते आले पाहिजे. आमच्या संत्र्याचा भाव मुंबईत आणि दिल्लीत ठरतो, तोवर आम्ही कसले स्वतंत्र?

काळी माती, दारव्हा

भाऊ, संत्र्याच्या भावाची तळमळ समजते, पण प्रश्न त्याबद्दल नव्हता. तरीही तुमच्या शंकेमुळे तिसऱ्या उत्तराकडे वळता येईल. वेगळे विदर्भ राज्य झाले, तर ते महाराष्ट्र, तेलंगण किंवा छत्तीसगड यांच्यासारखे घटकराज्य होईल. अनुच्छेद ३ नुसार नवे राज्य तयार करणे, सीमा बदलणे, नाव बदलणे हे संसदेच्या हातात आहे. संबंधित विधिमंडळाचे मत मागवले जाते, पण ते मान्य करण्याचे बंधन संसदेवर नाही. आपल्या आजोबांच्या पिढीने हे अनुभवलेले आहे. १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत विदर्भ मध्य प्रदेशात होता, त्या दिवशी तो द्विभाषिक मुंबई राज्यात गेला आणि १ मे १९६० रोजी महाराष्ट्रात आला. ज्याची सीमा दुसरा कोणी कायदा करून बदलू शकतो, ते सार्वभौम कसे म्हणावे?

जुना करार, अकोट

त्या हुशार मुलासाठी आणखी एक दाखला देतो, आणि वणी किंवा चंद्रपूरकडच्या मुलांना तो लगेच पटेल. कोळसा असलेल्या जमिनी केंद्राला संपादित करता याव्यात म्हणून संसदेने १९५७ साली कायदा केला. पश्चिम बंगालने सर्वोच्च न्यायालयात असा दावा केला की आम्हीही सार्वभौम आहोत, त्यामुळे आमच्या मालकीची जमीन केंद्राला घेता येणार नाही. १९६२ च्या डिसेंबरात निकाल लागला आणि बहुमताने हा दावा फेटाळला गेला. भारतातील घटकराज्ये सार्वभौम नाहीत, असे न्यायालयाने म्हटले. एका न्यायमूर्तींचे, म्हणजे सुब्बा राव यांचे, मत वेगळे होते, त्यामुळे हा दावा अगदीच हास्यास्पद नव्हता हेही मुलांना सांगावे.

त्या मुलाच्या उत्तरात कुठे गडबड झाली ते आता पाहा. महाराष्ट्राला लोकसंख्या आहे, भूप्रदेश आहे, शासनही आहे. तीन घटक जुळले म्हणून चौथा असणारच असे त्याने गृहीत धरले. त्याने उलट दिशेने जायला हवे होते, म्हणजे चौथा घटक आहे का हे आधी तपासायचे आणि मगच राज्यसंस्था हे नाव द्यायचे. ते केले असते तर घटकराज्य आणि राज्यसंस्था यांतला फरक त्याच्याच हाताने उत्तरात उतरला असता.

रानवाट, धानोरा

आमच्या गडचिरोली जिल्ह्यातले एक उदाहरण सांगू का? मेंढा (लेखा) गावाची घोषणा सर्वांना माहीत आहे : "दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार." या गावाला २००९ साली वनहक्क कायद्याखाली सामूहिक वनहक्क मिळाला. बांबू कोणी तोडायचा, कधी तोडायचा, पैसा कसा वाटायचा हे ग्रामसभा ठरवते, आणि वनखात्यालाही ग्रामसभेला विचारावे लागते. आमच्या गावातही ग्रामसभा बळकट आहे. मी स्वतः तिच्या बैठकीला बसतो आणि तिथे एकमत होईपर्यंत निर्णय घेतला जात नाही. मग ही ग्रामसभा सार्वभौम आहे, असे म्हणता येईल काय? माझ्या मुलीने परीक्षेत तसे लिहिले आणि शिक्षकांनी तिला शून्य दिले. मला ते अन्यायाचे वाटले.

काळी माती, दारव्हा

रानवाट दादा, शून्य देणे मलाही पटत नाही, कारण मुलीने निदान विचार केला आहे. पण उत्तर बरोबर नाही, आणि ते का नाही हे पाहण्यासारखे आहे. घोषणेत शब्द "सरकार" असा आहे आणि तो अगदी योग्य आहे. गावाचा कारभार गावाने करणे हे शासनच आहे, आणि ग्रामसभा ते प्रत्यक्ष करते. सार्वभौमत्वाचा प्रश्न त्याच्या एक पायरी वर आहे : हा अधिकार आला कुठून? तो १९९६ च्या पेसा कायद्यातून आणि २००६ च्या वनहक्क कायद्यातून आला आणि हे दोन्ही कायदे संसदेने केले आहेत. संसद त्यांत दुरुस्ती करू शकते. ग्रामसभेला मात्र संसदेच्या कायद्यात दुरुस्ती करता येत नाही. आपल्या अधिकाराचा उगम ज्याच्या स्वतःच्या हातात नाही, तो कितीही समर्थ असला तरी सार्वभौम नाही.

तुमच्या मुलीने "ग्रामसभा शासन करते, पण सार्वभौम नाही" असे लिहिले असते, तर शासन आणि सार्वभौमत्व यांतला फरक सांगणारे याहून चांगले उदाहरण मला माहीत नाही.

रानवाट, धानोरा

उत्तर समजले. पण आमचे म्हणणे असे आहे की जंगलावरचा हक्क कायद्याने दिलेला नाही, तो आधीपासून होता आणि कायद्याने फक्त मान्य केला. वनहक्क कायद्याच्या नावातच मान्यता हा शब्द आहे. त्यामुळे उगम संसदेत आहे, हे मला अजून पटलेले नाही.

जुना करार, अकोट

हा मुद्दा खोल आहे आणि त्याला माझ्याकडे एका ओळीचे उत्तर नाही. हक्क आधीचा असू शकतो. पण वाद झाला तर शेवटचा शब्द कोणाचा, हा सार्वभौमत्वाचा प्रश्न त्याहून वेगळा आहे.

आता सरांच्या मूळ विनंतीकडे येतो. चारही संकल्पना सुट्या दाखवणारे आपल्या भागातले उदाहरण हवे असेल, तर १९३० च्या सुमाराचा वऱ्हाड घ्या. अमरावती, अकोला, बुलढाणा आणि यवतमाळ या जिल्ह्यांचा वऱ्हाड हा निजामाचा मुलूख होता. १८५३ साली डलहौसीच्या काळात, हैदराबाद कंटिंजंट या फौजेच्या खर्चापोटी आणि थकलेल्या कर्जापोटी, निजामाने तो कंपनीच्या ताब्यात दिला. ताबा दिला, मालकी दिली नाही. १९०२ साली कर्झनने करार केला आणि निजामाचे सार्वभौमत्व मान्य करून वऱ्हाड कायमच्या पट्ट्याने घेतला. त्याबद्दल निजामाला दरसाल २५ लाख रुपये मिळायचे ठरले. पुढच्याच वर्षी त्याचा कारभार मध्य प्रांताला जोडला गेला. म्हणजे सातबारा काकांच्या भाषेत सांगायचे तर भोगवटादार एक आणि वहिवाटणारा दुसरा.

आता चार प्रश्न विचारा. शासन कोणाचे? इंग्रजांचे. जिल्हाधिकारी, पोलीस आणि शेतसारा हे सारे त्यांच्याकडून चालत होते. सार्वभौमत्व कोणाचे? कागदोपत्री निजामाचे. हा नुसता दरबारी शिष्टाचार नव्हता. १९३५ च्या भारत सरकार कायद्याच्या ४७ व्या कलमात वऱ्हाड हा निजामाच्या सार्वभौमत्वाखालचा प्रदेश आहे, पण त्याचा कारभार मध्य प्रांताबरोबर चालतो, असे ब्रिटिश संसदेनेच लिहिले. एकाच कलमात सार्वभौमत्व एकाचे आणि कारभार दुसऱ्याचा, अशी फोड कायद्याच्या पुस्तकात क्वचितच सापडते. वऱ्हाड ही राज्यसंस्था होती काय? नव्हती. लोक होते, जमीन होती, शासनही चालू होते, पण वऱ्हाड म्हणून कोणाशी करार करण्याची क्षमता त्याच्याकडे नव्हती. त्याच्याबद्दलचे करार नेहमी इतर दोघे करत होते.

राहिले राष्ट्र. इथे मी फक्त दोन घटना सांगतो. १८९७ साली काँग्रेसचे अधिवेशन अमरावतीत भरले. १९३० साली बापूजी अणे यांनी पुसदला जंगल सत्याग्रह केला आणि राखीव जंगलातले गवत कापून अटक करून घेतली. कायद्याच्या नजरेने त्या वेळी त्यांच्या पायाखालची जमीन निजामाची होती आणि अटक करणारे शासन इंग्रजांचे होते. अणे आणि त्यांचे सहकारी मात्र स्वतःला भारतीय राष्ट्राचे घटक मानत होते, आणि त्या राष्ट्राला तोवर राज्यसंस्था नव्हती. हाच राष्ट्र आणि राज्यसंस्था यांतला फरक.

तयारी सुरू आहे, वाशीम

हे पहिल्यांदाच वाचतो आहे. मी उत्तर लिहून पाहिले, तपासून द्यावे : "१९३० साली वऱ्हाडात शासन ब्रिटिशांचे होते आणि सार्वभौमत्व निजामाचे होते. वऱ्हाड हे निजामाच्या राज्यसंस्थेचा भाग होते. वऱ्हाडातील लोकांचे राष्ट्र हैदराबाद होते, कारण ज्याचे सार्वभौमत्व त्याचे राष्ट्र."

काळी माती, दारव्हा

पहिले वाक्य चांगले आहे. शेवटच्या वाक्यात मात्र तुम्ही ज्या खड्ड्यातून बाहेर आलात, त्यातच पुन्हा उतरलात. राष्ट्र सार्वभौमत्वाच्या मागे जात नाही. ज्याचे सार्वभौमत्व त्याचे राष्ट्र असते, तर १७९५ पासून १९१८ पर्यंत पोलिश लोक रशियन, प्रशियन आणि ऑस्ट्रियन झाले असते. ते झाले नाहीत, म्हणूनच पहिले महायुद्ध संपल्यावर त्यांचे राज्य पुन्हा उभे राहू शकले. आता हे पोलंडचे उदाहरण तुम्हाला पाठ करावे लागणार नाही, कारण वऱ्हाडात तेच घडताना तुम्ही पाहिले आहे. उलट बाजूने पाहायचे, तर १९४७ ते १९७१ पर्यंत पाकिस्तान ही एक राज्यसंस्था होती, पण पूर्व बंगालच्या लोकांना आपण वेगळे राष्ट्र आहोत असे वाटू लागले आणि त्यातून बांगलादेश झाला. राष्ट्र आणि राज्यसंस्था यांच्या सीमा एकमेकींवर बसतील याची हमी कोणीच देत नाही.

शेवटचे वाक्य असे करा : "वऱ्हाडातील अनेकांची राष्ट्रभावना भारतीय होती, आणि ती निजामाच्या सार्वभौमत्वावर किंवा ब्रिटिश शासनावर अवलंबून नव्हती."

"अनेकांची" हा शब्द गाळू नका. सगळ्यांची भावना एकच होती, असे म्हणायला आपल्याकडे आधार नाही.

चांदूरची लेक, अमरावती

मी पदव्युत्तर वर्गात शिकते आणि मला वकील साहेबांच्या मांडणीवर आक्षेप घ्यायचा आहे. निजामाचे सार्वभौमत्व तुम्ही फारच गंभीरपणे घेतले आहे. निजामाने वऱ्हाड परत मागितला, तेव्हा व्हाइसरॉय लॉर्ड रीडिंगने मार्च १९२६ मध्ये त्याला पत्र पाठवून स्पष्ट सांगितले की हिंदुस्थानात ब्रिटिश राजसत्तेचे सार्वभौमत्व सर्वोच्च आहे आणि कोणताही संस्थानिक ब्रिटिश सरकारशी बरोबरीच्या नात्याने वाटाघाट करू शकत नाही. ज्याला आपला मुलूख परत मागताही येत नाही, त्याच्याकडे सार्वभौमत्व होते असे म्हणणे म्हणजे व्याख्याच पातळ करणे आहे. बोदाँने १५७६ मध्ये ही संकल्पना मांडली, तेव्हा सर्वोच्च आणि कायम अशी सत्ता असे त्याने म्हटले. निजामाची सत्ता सर्वोच्च नव्हती. माझ्या मते १९३० साली वऱ्हाडात शासनही ब्रिटिशांचे आणि सार्वभौमत्वही ब्रिटिशांचेच होते. त्यामुळे हे उदाहरण फरक दाखवण्याऐवजी मुलांचा गोंधळ वाढवेल.

जुना करार, अकोट

ताई, रीडिंगच्या पत्राचा उल्लेख केलात हे फार बरे झाले, कारण ते पत्र वऱ्हाडच्याच वादातून आले होते. पण त्यानंतर दहा वर्षांनी, १९३६ च्या ऑक्टोबरात, त्याच ब्रिटिश सरकारने निजामाशी नवा करार केला, वऱ्हाडवरचे त्याचे सार्वभौमत्व पुन्हा मान्य केले आणि त्याच्या वारसाला "प्रिन्स ऑफ बेरार" हा किताब दिला. रीडिंगला जर सार्वभौमत्वाचा वाद कायमचा संपवायचा होता, तर ४७ व्या कलमात तो शब्द का येतो? ब्रिटिश हिंदुस्थानचे कायदेसुद्धा वऱ्हाडात आपोआप लागू होत नसत. ते तिथे लागू करण्यासाठी वेगळी अधिसूचना काढावी लागत असे. नाममात्र म्हणून सोडून द्यावी, एवढी ही गोष्ट किरकोळ नव्हती.

चांदूरची लेक, अमरावती

कायद्याच्या भाषेत तुम्ही म्हणता ते खरे असेल. पण शेतसारा कोणाच्या तिजोरीत जात होता आणि गोळी कोणाच्या हुकमाने सुटत होती, हे पाहिले की निजाम उरतो तो किताबापुरता आणि २५ लाखांपुरता. सार्वभौमत्व म्हणजे शेवटचा शब्द, असे तुम्हीच वर लिहिले आहे. तो शेवटचा शब्द १९२६ मध्ये रीडिंगने उच्चारला.

काळी माती, दारव्हा

तुम्हा दोघांच्या वादातून मला एक गोष्ट हाती लागली. ताई ज्याला सार्वभौमत्व म्हणतात ते प्रत्यक्ष सत्तेचे आहे आणि वकील साहेब ज्याला म्हणतात ते कायद्याचे आहे. अभ्यासक्रमात राजकीय सार्वभौमत्व आणि कायदेशीर सार्वभौमत्व असे दोन प्रकार असतात, पण मुले ते प्रकार म्हणून पाठ करतात आणि मूळ व्याख्या लिहिताना विसरतात. मी पुढच्या परीक्षेत वऱ्हाडावर प्रश्न देईन. विद्यार्थ्याने निजाम लिहिले किंवा ब्रिटिश राजसत्ता लिहिली, तरी कोणत्या अर्थाने ते सांगितले असेल तर पूर्ण गुण देईन. अर्थ न सांगता नुसते नाव लिहिले असेल तर निम्मे.

सातबारा, मेहकर

गुरुजी, गुण तुमचे, तुम्ही ठरवा. पण माझी एक शंका राहिली. १५ ऑगस्ट १९४७ ला इंग्रज गेले, मग त्या दिवशी वऱ्हाड कोणाचा झाला? वहिवाटणारा उठून गेला तर जमीन भोगवटादाराकडे परत जाते, असे आम्ही नोकरीत शिकलो. मग त्या दिवशी आमचा बुलढाणा निजामाकडे जायला हवा होता. तसे झाले नाही हे तर दिसतेच आहे.

जुना करार, अकोट

काका, तुम्ही विचारलेला प्रश्न निजामालाही पडलेला होता. ब्रिटिशांची संस्थानांवरची अधिसत्ता त्या दिवशी संपली आणि आपण स्वतंत्र झालो असा पवित्रा त्याने घेतला. तो पवित्रा सप्टेंबर १९४८ च्या पोलीस कारवाईपर्यंत टिकला. वऱ्हाडाचा कारभार मात्र त्या मधल्या काळातही नागपूरहूनच चालला. ताईंच्या बाजूने वापरता येईल असा हा पुरावा आहे, हे मला मान्य करावे लागेल. तरी कागदावरचा हक्क नेमक्या कोणत्या क्षणी संपला, हा प्रश्न मी त्यामुळे मिटला असे धरत नाही.

तयारी सुरू आहे, वाशीम

मग त्या तेरा महिन्यांबद्दल प्रश्न आला, तर सार्वभौमत्वाच्या रकान्यात काय लिहायचे?

चांदूरची लेक, अमरावती

मी भारत लिहीन. त्या काळात भारत हे अधिराज्य होते आणि लंडनचा राजा नावापुरता प्रमुख होता, पण १९४७ च्या स्वातंत्र्य कायद्यानुसार ब्रिटिश संसदेचा कायदा आपल्यावर आपोआप लागू होणे बंद झाले होते. वकील साहेब बहुधा दुसरे काही लिहितील.

जुना करार, अकोट

मी "वादग्रस्त" असे लिहीन आणि त्याखाली दोन्ही बाजू एकेका वाक्यात देईन. शासनाच्या रकान्यात मात्र मी आणि ताई एकच नाव लिहू : मध्य प्रांत व वऱ्हाड सरकार, नागपूर.